सेफ्टी स्टॉक किती ठेवायचा? फॉर्म्युला एकेक पायरीने

बऱ्याच ठिकाणी सेफ्टी स्टॉक म्हणजे "पंधरा दिवसांचा माल एक्स्ट्रा ठेवा" असा ठोकताळा असतो. माझं म्हणणं असं की हा आकडा दिवसांवरून ठरवूच नये, मागणी किती वर-खाली होते त्यावरून ठरवावा. रोज बरोब्बर ४० नग जाणाऱ्या वस्तूला आणि कधी १० तर कधी ९० जाणाऱ्या वस्तूला सारखाच जादा माल कशाला लागेल, दोघांची सरासरी एकच असली तरी?

फॉर्म्युला छोटा आहे:

```
SS = Z × σ × √L
```

σ म्हणजे रोजच्या मागणीचं स्टँडर्ड डेव्हिएशन, L म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल हातात येईपर्यंतचे दिवस (लीड टाइम), आणि Z येतो सर्व्हिस लेव्हलवरून.

आधी σ काढू. समजा ८ दिवसांची मागणी अशी आहे: २८, ५२, ३६, ४४, ४०, ६०, २४, ३६. बेरीज ३२०, सरासरी ४०. आता प्रत्येक दिवस सरासरीपासून किती लांब आहे ते बघायचं, त्या फरकाचा वर्ग करायचा (२८ चा फरक १२, वर्ग १४४), सगळ्या वर्गांची बेरीज येते ९९२. तिला ७ ने भागलं, म्हणजे दिवसांपेक्षा एक कमी, की १४१.७ आणि त्याचं वर्गमूळ ११.९, आपण १२ धरू. एक्सेलमध्ये `STDEV.S` हेच करतं. इथे ८ दिवस फक्त हिशोब दिसावा म्हणून घेतलेत, प्रत्यक्षात निदान दोन-तीन महिन्यांचा डेटा घ्या.

आता लीड टाइम ९ दिवस आहे असं धरू. इथे खूप जण गडबडतात आणि १२ ला थेट ९ ने गुणून १०८ काढतात. पण तसं केलं तर आपण असं मानतो की नऊच्या नऊ दिवस मागणी एकाच बाजूला सरकणार, आणि तसं सहसा होत नाही, एखादा दिवस जास्त जातो तर एखादा कमी आणि ते एकमेकांना बरंचसं खाऊन टाकतात. बेरीज होते ती वर्गांची: ९ × १४४ = १२९६, त्याचं वर्गमूळ ३६. म्हणजेच १२ × √९. पण हे तेव्हाच खरं जेव्हा एका दिवसाच्या मागणीचा दुसऱ्या दिवसाशी संबंध नसतो. सेल लावला आणि सलग आठवडाभर मागणी चढीच राहिली तर ३६ हा आकडा कमी पडेल.

राहिला Z. ९५ टक्के सर्व्हिस लेव्हल हवी असेल तर `NORM.S.INV(0.95)` टाका, १.६४५ मिळतं. गुणाकार १.६४५ × ३६ = ५९.२, म्हणजे ६० नग. लीड टाइममधली सरासरी मागणी ४० × ९ = ३६०, त्यात हे ६० मिळवले की रिऑर्डर पॉइंट ४२०. हातातला आणि वाटेतला माल मिळून ४२० वर आला की ऑर्डर द्यायची. ९९ टक्के हवेत? Z होतो २.३२६ आणि स्टॉक ८४ नग. ९९.९ ला Z ३.०९, स्टॉक ११२. पहिल्या ४ टक्क्यांना २४ नग लागले आणि पुढच्या ०.९ टक्क्याला २८, म्हणून "आम्हाला शंभर टक्के हवं" म्हणणाऱ्यांना हे तीन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवावेत.

या ९५ टक्क्यांचा अर्थ मात्र नीट समजून घ्या, कारण जवळपास सगळे तो चुकीचा घेतात. १०० पैकी ९५ ग्राहकांना माल मिळेल असा तो अर्थ नाही. अर्थ असा की १०० वेळा ऑर्डर दिली तर ९५ वेळा नवा माल येईपर्यंत स्टॉक पुरेल आणि ५ वेळा संपेल, मग संपताना तूट एका नगाची असो की चाळीसची. आपल्या उदाहरणात सरासरी तूट दर ऑर्डरमागे एका नगापेक्षाही कमी येते, त्यामुळे एका वेळी ४०० नग मागवत असाल तर मागणीतले ९९.८ टक्के नग वेळेवर जातात. ग्राहकाला किती टक्के माल मिळाला हाच तुमचा निकष असेल तर ९५ चा आग्रह कदाचित गरजेपेक्षा जास्त आहे.

आणि σ साठी विक्रीचा डेटा घेत असाल तर माल संपलेले दिवस आधी शोधा. त्या दिवशीचा शून्य म्हणजे मागणी नव्हती असं नाही, द्यायला माल नव्हता. सलग बरेच दिवस माल नसेल तर ते शून्य सरासरी खाली खेचतात आणि σ फुगवतात, आणि माल अर्ध्या दिवसात संपला असेल तर चढी मागणी आकड्यात दिसतच नाही आणि σ उलट कमी येतो. असे दिवस बाजूला काढून मगच पुढचा हिशोब करा.