कपड्यावर सांडलेलं मेण: आधी बर्फ, मग इस्त्री

दिवाळीत मेणाची पणती उचलताना हात हलतो आणि लाल मेणाचा ओघळ पांढऱ्या सुती कुर्त्यावर येतो. पहिली इच्छा होते ती पुसून टाकायची. तेवढं मात्र करू नका. पातळ मेण पुसलं की ते धाग्यांमध्ये आणखी खोल जातं.

मशीनमध्येही ते निघत नाही. मेणबत्तीचं पॅराफिन साधारण 50 ते 60 अंशांच्या आसपास वितळतं. गार पाण्यात ते घट्टच राहतं, आणि घट्ट मेणाला साबणाचे रेणू सोडवू शकत नाहीत. त्यांना तेलकट द्रव लागतो. पाणी खूप गरम ठेवलं तर मेण वितळतं खरं, पण पुढच्या गार पाण्यात ते पुन्हा गोठतं आणि शेजारच्या कपड्यांवर, ड्रमला, निचऱ्याच्या नळीत चिकटतं.

म्हणून मेण आधी पूर्ण गोठू द्यावं. प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घालून डागावर दहा मिनिटं धरला की ते ठिसूळ होतं. मग चमच्याच्या कडेनं अलगद खरवडावं. च्युइंगगमचा चिकट रबरही थंडीत असाच कडक होतो, म्हणून बर्फाची युक्ती तिथेही चालते. इस्त्री मात्र तिथे नको, गम मऊ होऊन पसरतो.

खरवडल्यावर उरतो तो धाग्यांत मुरलेला भाग. डागाच्या खाली आणि वर कोरा टिश्यू पेपर ठेवा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई कपड्यावर उतरते. वाफ बंद ठेवून इस्त्री सर्वात कमी तापमानावर आणा आणि काही सेकंद दाबा. मेण वितळतं आणि दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं कागदाच्या बारीक फटींत ओढलं जातं. कागदावर तेलकट ठिपका उमटला की लगेच कोरा भाग पुढे सरकवा, नाहीतर मेण परत कपड्यात जातं. ठिपका उमटायचा थांबेपर्यंत हे करत राहा.

मेण उरलंय का हे कसं ओळखायचं? कापड उजेडासमोर धरा. मेण धाग्यांमधल्या हवेची जागा घेतं, त्यामुळे प्रकाश कमी विखुरतो आणि तेवढी जागा पारदर्शक दिसते. किंवा पाण्याचा थेंब टाका: तो मोत्यासारखा उभा राहिला तर मेण अजून आहे. मग कापड वाळवून पुन्हा इस्त्री.

लाल झाक राहिली तर तो रंग आहे, मेण नव्हे. इस्त्री बंद करून, दिवे दूर ठेवून, कापसावर थोडं स्पिरिट घेऊन टिपा. आधी शिवणीच्या आतल्या बाजूला कापडाचा स्वतःचा रंग जातो का ते बघा. शेवटी भांड्यांचा द्रव साबण चोळून कुर्ता मशीनमध्ये टाका.

पैठणी किंवा जरीचं कापड असेल, तर बर्फाचा ओलावा लागू देऊ नका आणि खरवडूही नका, जर उसवते. ती साडी ड्रायक्लीनरकडे द्या आणि डाग मेणाचा आहे हे त्याला आवर्जून सांगा.