‘खाली कोन बोलावते’ : विहिरीच्या ओवीची पार्श्वभूमी

*भादव्यानं भरली वटी, मी भरले काठोकाठ,*
*खाली कोन बोलावते, सुटली पान्याची गाठ.*

*वरचे दोन झरे गेले दिवाळीच्या दिव्यासंगं,*
*खालचे दोन संक्रांतीले, तिळाच्या दान्यासंगं.*

वरुड तालुक्यातल्या आमच्या गावात बायका भजनाला बसल्या की शेवटी ही ओवी म्हणतात. चाल जात्यावरची, साथीला खंजिरी. बोलणारी आहे गावातली जुनी विहीर. ती आता कोरडी आहे, म्हणून ती बोलते. कडवी एकीनं नाही, चार-पाच जणींनी मिळून जुळवली; मी ती वहीत उतरवून घेतली. बाहेरून आलेली माणसं ऐकतात, गलबलतात आणि मग विचारतात, "पाऊस कमी झाला का हो तुमच्याकडे?" ओवीतली पहिलीच ओळ सांगते की भादव्यात विहीर काठोकाठ भरली होती. ती कोरडी झाली ती त्यानंतर. ‘खाली कोन बोलावते’ या प्रश्नाला गावाच्या मातीत खरंखुरं उत्तर आहे. ते लिहून ठेवावं म्हणून ही पार्श्वभूमी.

विहीर बेचाळीस फूट खोल, म्हणजे अठ्ठावीस हात. रुंदी अठरा फूट. काठ घडीव दगडाचा, आणि पूर्वेकडच्या दगडावर दोरानं पडलेल्या सात खाचा आहेत. सगळ्यात खोल खाचेत माझं करंगळीशेजारचं बोट अर्धं बुडतं. गराडी बसायच्या आधी बायका तिथं उभ्या राहून हातानं पाणी शेंदत. सुताचा आणि अंबाडीचा दोर दगड कापतो, हे मला त्या खाचांत बोट घालेपर्यंत खरं वाटलं नव्हतं.

उतरून पाहिलं तर भिंतीत गावाची जमीन वाचता येते. वर काळी माती, मग सोळा फुटांपर्यंत मुरूम, त्याखाली भेगाळ खडक आणि मांजऱ्या, म्हणजे बारीक छिद्रांचा, हाताला भुसभुशीत लागणारा खडक. तळाला काळा पाषाण. आमच्याकडचा खडक लाव्हाच्या थरावर थर साचून झालेला. पावसाचं पाणी मुरमात आणि मांजऱ्यात साठतं. अखंड काळ्या पाषाणात ते शिरत नाही, त्याच्या डोक्यावरच थांबतं. जुन्या माणसांनी विहीर तिथंच थांबवली, कारण परातीचा तळ लागला होता. झरे चार: दोन मुरूम संपतो तिथं, दोन खाली मांजऱ्यात. ओवीतले ‘वरचे दोन’ आणि ‘खालचे दोन’ ते हेच. ही नुसती यमकाची सोय नाही, हा क्रम बायकांनी डोळ्यांनी पाहिलेला आहे. माझ्या आजीच्या सांगण्यात वरचे झरे शिमग्यापर्यंत वाहत आणि खालचे रोहिणी निघेपर्यंत आटत नसत. आता वरचे दिवाळीला थांबतात, खालचे संक्रांतीला.

गावच्या खालच्या अंगाला शेतातल्या विहिरींवर तेव्हा मोटा होत्या. बैल धावेवरून उतरत, चामड्याची मोट वर येई, थारोळ्यात पाणी पडे. बैल दमले की मोट सुटायची आणि दुपारभर झऱ्यांना भरायला वेळ मिळायचा. विहिरीच्या आयुष्याला बैलाच्या दमाचं कुंपण होतं. वीज आली, पाच हॉर्सपॉवरच्या मोटारी बसल्या आणि ते कुंपण गेलं. तरी पाणी त्याच परातीतलं होतं. विहिरीचा तळ दिसला की मोटार बंद करावीच लागे.

मग संत्रा वाढला. वरुड-मोर्शीला विदर्भाचं कॅलिफोर्निया म्हणतात ते उगाच नाही, गावागावांत पक्की घरं याच झाडानं उभी केली. आमचंही. त्यामुळे या कहाणीत मी फक्त विहिरीच्या बाजूनं उभी आहे, असं म्हणता येणार नाही. संत्र्याला वर्षात दोन बहार धरता येतात. मृग बहाराला उन्हाळ्यात झाड ताणावर सोडतात आणि पाऊस पडला की फुटवा येतो. आंबिया बहाराला ताण थंडीत द्यायचा, जानेवारीच्या सुमारास पाणी सुरू करायचं आणि मग अख्खा उन्हाळा फळ झाडावर पाजून धरायचं. भाव आणि फळ चांगलं म्हणून आमच्या भागात आंबिया धरणारे पुष्कळ. म्हणजे झाडाची सगळ्यात मोठी तहान नेमकी विहिरीच्या सगळ्यात अशक्त महिन्यांत.

हा हिशेब एकदा मी वहीच्या मागच्या पानावर मांडला. अठरा फूट रुंदीच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे साधारण सात हजार दोनशे लिटर. जुनी माणसं सांगत, संध्याकाळी उपसून रिकामी केली तर पहाटे चार फूट भरलेली असे. म्हणजे रात्रीची आवक जवळपास एकोणतीस हजार लिटर. माणशी 55 लिटर धरलं तर सव्वापाचशे माणसांचं दिवसाचं पाणी. आता संत्रा: सहा बाय सहा मीटरवर लावलेली एकरी एकशे दहा झाडं, आणि मोठ्या झाडाला मे महिन्यात ठिबकनंही दिवसाला दीडशे लिटर धरा. एकराला साडेसोळा हजार लिटर. गावाच्या विहिरीची अख्खी रात्र पावणेदोन एकर बाग एका दिवसात पिते. आमच्या शिवारात बागा किती, ते मी मोजायला घेतलं आणि सोडून दिलं.

परात पुरेना म्हणून लोकांनी परातीच्या तळाला भोक पाडलं. बोअर. 1972च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात पिण्याच्या पाण्यासाठी बोअरची यंत्रं गावोगाव आली, पुढे तीच पद्धत शेतात उतरली. आधी दोनशे फूट, मग चारशे, आता आमच्याकडे आठशे-नऊशे फुटांवर गाडी थांबते. खालचं पाणी अखंड साठा नाही. दोन थरांच्या सांध्यांत, लाल गेरूसारख्या पट्ट्यांच्या आसपास, खोल भेगांत ते अडकलेलं असतं. तिथं ते पोचायला फार काळ लागलेला असतो आणि एका मोसमाच्या पावसानं ते भरून येत नाही.

पण आमची विहीर आटण्याचं कारण एवढंच नाही, आणि हे लोकांना पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. बोअरमध्ये केसिंग पाइप सहसा मुरूम ढासळू नये एवढ्यापुरताच, वीस-चाळीस फूट घालतात. त्याखाली छिद्र उघडं. मांजऱ्यातलं पाणी, जे पूर्वी काळ्या पाषाणावर अडून आमच्या झऱ्यांकडे सरकायचं, ते आता त्या उघड्या छिद्रातून भिंतीवरून खाली उतरतं. बोअर चालू असो की बंद, ते उतरतच राहतं. ज्याला खात्री करायची असेल त्यानं नोव्हेंबरात रात्री एखाद्या बंद पडलेल्या, मोटार काढलेल्या बोअरच्या तोंडाशी कान लावावा. आत टपटप ऐकू येते, कधी कधी तर बारीक धार. आमच्या भजनातल्या एका काकूंनी ती ऐकली आणि घरी येऊन म्हणाल्या, "बाई, खालून कोनी बोलावल्यावानी पानी जाते व." ओवीची ओळ तिथून आली.

दुसरा पुरावा एका डीपीनं दिला. एका फेब्रुवारीत शिवारातली डीपी जळाली आणि नवी यायला नऊ दिवस लागले. नऊ दिवस बागांच्या मोटारी बंद. सहाव्या दिवशी विहिरीच्या तळाशी ओल आली, नवव्या दिवशी घोट्याएवढं पाणी होतं. पाऊस नाही, कालवा नाही. गावातल्या पोरांनी आत उतरून फोटो काढले. दहाव्या दिवशी वीज आली, तेराव्या दिवशी तळ पुन्हा कोरडा.

कायदा नव्हता असं नाही. 1993च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमानं सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायला बंदी घातली, आणि त्यात बोअरही आली. त्याच्या जागी आलेला 2009चा अधिनियम 2014पासून लागू झाला. त्यात अधिसूचित क्षेत्रात 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई आहे. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. वरुड तालुका भूजलाच्या वर्गवारीत अतिशोषित म्हणून ओळखला जातो. आमच्या विहिरीपासून सगळ्यात जवळची बोअर मी पावलांनी मोजली: एकशे ऐंशी पावलं. अर्ज दिला होता. पाहणी झाली, कागद झाला. बोअर पाडणारा शेजारीच, त्याच्या डोक्यावर बागेचं कर्ज, आणि त्याची माय माझ्याशेजारी बसून ही ओवी म्हणते. त्या कागदाच्या पुढे मी गेले नाही. ते मला आजही खुपतं.

ओवीतलं एक कडवं काही जणी म्हणायला कचरत होत्या:

*माह्या पान्याले जात नोती, जात होती दोराले,*
*तहान होती एकच, माह्या साऱ्या पोराईले.*

हे कडवं काढू नका म्हणून हट्ट धरला तो बौद्ध वस्तीतल्या एका आजींनी. त्यांच्या सासूला या काठावर दोर टाकता येत नव्हता; कोणी वरून ओतेपर्यंत घागर घेऊन खाली थांबावं लागे. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना, 1928च्या सुमारास, सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या करण्याचा निर्णय झाला होता. काठापर्यंत तो पोचायला आमच्या गावात पुढची कितीतरी वर्षं गेली. आजी म्हणाल्या, "विहीर बोलून राह्यली तर सारंच बोलू द्या तिले." कडवं राहिलं.

शेवटचं कडवं सगळ्यात नवं. मार्च लागला की टँकर येतो आणि पाणी विहिरीत ओततो. मग दोर, बाल्ट्या, गुंड्या, गर्दी, सगळं जुन्यासारखं दिसतं, फक्त तासाभरापुरतं. टँकर भरतो तो अधिग्रहण केलेल्या बोअरवर, आणि ती बोअर आहे ती एकशे ऐंशी पावलांवरची. हे ज्या दिवशी बायकांच्या लक्षात आलं, त्या रात्री खंजिरी नव्हती, नुसतं जात्यावर बसल्यासारखं हळू आवाजात हे जुळलं:

*टँकरवाला ओतते पोटी, घागरभर पानी देते,*
*माहंच पानी माह्या दारी पाव्हनं होऊन येते.*