सायटेशनची कटकट आली कुठून: गोगलगायीपासून झोटेरोपर्यंत

बेळगावात एका रूमवर तिघं राहत असतील तर बहुतेक वेळा तिघांचे सायटेशनचे, म्हणजे संदर्भ कसे द्यायचे याचे, नियमही तीन असतात. मराठी नाहीतर इंग्रजीत एमए करणाऱ्याला एमएलए, सोशल वर्क किंवा एज्युकेशनवाल्याला एपीए, आणि व्हीटीयूच्या कॉलेजातल्या इंजिनिअरला चौकोनी कंसातले आकडे, म्हणजे आयईईई. वर एखादे सर "हार्वर्डमध्ये द्या" म्हणून मोकळे होतात. मग प्रत्येकजण सबमिशनच्या आदल्या रात्री स्वल्पविराम इकडचे तिकडे करत बसतो, आणि सगळ्यांना वाटतं की हे कुणीतरी मुद्दाम छळायला काढलंय. तसं नाहीये, त्याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो एकदा कळला की कुठल्या गोष्टीवर वेळ घालवायचा आणि कुठली सोडून द्यायची हे आपसूक कळतं.

सुरुवात गोगलगायीपासून. 1881 साली हार्वर्डमधल्या एडवर्ड लॉरेन्स मार्क नावाच्या प्राणिशास्त्रज्ञानं शेतातल्या बिनकवचाच्या गोगलगायीच्या अंड्यांवर एक भलामोठा पेपर लिहिला, आणि त्यात दुसऱ्यांचे संदर्भ देताना खाली तळटीप लिहीत बसण्यापेक्षा मजकुरातच लेखकाचं नाव आणि कंसात साल टाकलं. बाकीचा तपशील शेवटच्या यादीत. नाव-साल पद्धतीचं सगळ्यात जुनं उदाहरण म्हणून आजही हेच दाखवतात. त्या पद्धतीला हार्वर्ड म्हणतात खरं, पण हार्वर्ड विद्यापीठाचं असं एकच अधिकृत नियमपुस्तक नाहीच, प्रत्येक विद्यापीठाची हार्वर्ड थोडी थोडी वेगळी असते. म्हणून सरांनी नुसतं "हार्वर्ड" म्हटलं तर त्यांच्याकडून एक नमुना मागून घ्या, नाहीतर नंतर वाद.

पुढं ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणं नियम निघत गेले. शिकागो विद्यापीठाच्या छापखान्याचं मॅन्युअल 1906 चं, ते मुळात कंपोझिटर आणि प्रूफरीडर लोकांच्या सोयीसाठी. एपीएची सुरुवात 1929 ला एका जर्नलमधल्या सात पानी सूचनांनी झाली, कारण संपादकांकडं येणारे लेख ज्याच्या त्याच्या मनासारखे लिहिलेले असायचे. एमएलएचं स्टाईल शीट 1951 चं. डॉक्टर लोकांच्या जर्नलचे संपादक 1978 ला व्हँकुव्हरमध्ये बसले आणि तिथून आकड्यांची व्हँकुव्हर पद्धत आली. एपीए मानसशास्त्रवाल्यांची, तिथं अभ्यास कधीचा आहे याला वजन, म्हणून साल पुढं. साहित्यात कुठल्या पानावरची ओळ हे महत्त्वाचं, म्हणून एमएलएत नावापुढं पान. म्हणजे नियम विचित्र वाटले तरी प्रत्येकामागं कुणाची तरी सोय आहे, आपली नसेल, पण आहे.

आता मुद्द्याचं. इतकी वर्षं माहिती आणि तिची मांडणी एकाच वाक्यात अडकलेली होती. कार्डावर लिहा, वहीत लिहा, टाईप करा, तुम्ही जे लिहिलं ते त्या एका स्टाईलमध्येच. स्टाईल बदलली की परत सगळं लिहा. ही गाठ पहिल्यांदा नीट सोडवली ती लेटेक हे टाईपसेटिंगचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी. 1985 ला ओरेन पटाश्निकनं बिबटेक लिहिलं, त्यात लेखक, शीर्षक, साल असे खाने वेगळे भरायचे आणि यादी कशी दिसायची ते दुसरी फाईल ठरवणार. नंतर संदर्भ साठवून त्यांची यादी आपोआप बनवून देणारी एंडनोटसारखी विकतची सॉफ्टवेअरं आली, आणि ऑक्टोबर 2006 ला अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास केंद्रानं झोटेरो काढलं, फुकट आणि ओपन सोर्स. लक्षात घ्या, इतिहासवाल्यांनी. त्यामुळं त्यात पत्र, हस्तलिखित, मुलाखत, सरकारी अहवाल असले प्रकार पहिल्यापासून आहेत, आणि आपल्या भागातल्या विषयांना नेमके तेच लागतात.

तेव्हा ते फायरफॉक्समध्ये बसवायचं एक्स्टेन्शन होतं. दोन वर्षांत त्याच्यावर केस पडली. एंडनोटची मालकी असलेल्या थॉमसन रॉयटर्सनं सप्टेंबर 2008 ला व्हर्जिनियाच्या कोर्टात दावा लावला, की आमच्या स्टाईलच्या फाईली झोटेरो आपल्या फॉरमॅटमध्ये बदलून देतंय, आणि नुकसान मागितलं वर्षाला किमान 1 कोटी डॉलर. जून 2009 ला कोर्टानं दावा फेटाळला. मला यात गंमत अशी वाटते की भांडण पुस्तकांच्या माहितीवर नव्हतंच, स्वल्पविराम कुठं द्यायचा या फाईलवर होतं. झोटेरोची स्वतःची स्टाईलची भाषा, सीएसएल, ब्रूस डार्कस या भूगोलाच्या प्राध्यापकानं सुरू केलेली, ती सगळ्यांना खुली आहे, पुढं मेंडेली या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरनंही तीच घेतली आणि आज त्यात 10,000 पेक्षा जास्त स्टाईली आहेत. थोडक्यात स्वल्पविरामाचा प्रश्न सुटला. चूक आता उरते ती खाने भरण्यात.

हे कसं ते एका उदाहरणावर बघूया. सीमाभागावर कुठलाही प्रोजेक्ट करा, महाजन आयोगाचा 1967 चा अहवाल येतोच (निकालाबद्दल तुमचं माझं मत काय ते इथं सोडा). अहवालाचं नाव इंग्रजीत, आयोगाचं नाव लांबलचक, अध्यक्ष मेहरचंद महाजन. कुठल्यातरी वेबसाईटवरून ब्राउझरमधल्या झोटेरोच्या बटणानं एन्ट्री उचलली तर तीन गोष्टी बिघडू शकतात. प्रकार `Report` ऐवजी `Web Page` पडतो. साल 1967 च्या जागी स्कॅन अपलोड झाल्याचं साल येतं. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात मजेशीर, आयोगाचं नाव माणसाचं समजून त्याचे दोन तुकडे होतात, शेवटचा शब्द आडनाव. मग एपीएमध्ये कंसात काय छापून येतं बघा:

```
(Disputes, 1967)
```

डिस्प्यूट्स नावाचे कुणी गृहस्थ. वाचणाऱ्या सरांना हसू येईल किंवा राग, काही सांगता येत नाही. उपाय सोपा आहे, लेखकाच्या ओळीच्या बाजूला एक छोटं बटण असतं, त्यानं दोन खान्यांचा एक खाना होतो, त्यात पूर्ण नाव असं टाकायचं:

```
Item Type: Report
Author: Commission on Maharashtra-Mysore-Kerala Boundary Disputes
Institution: Government of India
Date: 1967
```

नावात मैसूर आहे म्हणून तिथं कर्नाटक करू नका, छापील मुखपृष्ठावर जे आहे तेच. बेळगाव-बेलगाम-बेळगावीचंही तसंच. शहराचं अधिकृत नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावी, पण 1884 च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा एकविसावा खंड हा `Belgaum` याच नावाचा आहे, आणि त्याचं प्रकाशनस्थळ `Bombay`. ते सुधारायला गेलात तर लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये ते पुस्तक कुणालाच सापडणार नाही.

दुसरी भानगड डुप्लिकेटची. मजकुरात 1967a आणि 1967b दिसायला लागलं, आणि तुम्ही तर एकच अहवाल वापरलाय, तर समजायचं की तोच अहवाल तुमच्या झोटेरोमधल्या लायब्ररीत दोनदा शिरलाय आणि झोटेरो बिचारं त्यांना दोन वेगळी पुस्तकं समजतंय. डावीकडं `Duplicate Items` मध्ये जाऊन दोन्ही एकत्र करायच्या. एक डिलीट करून टाकायची नाही, कारण वर्डमधल्या ज्या सायटेशन त्या डिलीट केलेल्या एन्ट्रीला जोडलेल्या असतात त्या लटकतात, एकत्र केलं तर जोड टिकून राहते. पण एका एन्ट्रीत लेखक आयोग आणि दुसरीत महाजन असं असेल तर a-b पण दिसणार नाही, यादीत सरळ दोन पुस्तकं दिसतील, ते डोळ्यांनीच पकडावं लागतं.

आणि प्रकाशनस्थळ. पूर्वी सगळ्या स्टाईली ते मागायच्या. एमएलएनं 2016 च्या आठव्या आवृत्तीत ते काढलं, एपीएनं 2019 च्या सातव्या आवृत्तीत, आणि शिकागोनंही 2024 ला पुस्तकांसाठी ते लागत नाही म्हणून सांगितलं. म्हणून खाना रिकामा ठेवायचा का? नाही, भरायचाच, कारण तुमच्या डिपार्टमेंटचं हँडआऊट कदाचित जुन्या आवृत्तीचं असेल आणि तिथं पुणे की कोल्हापूर ते विचारतील, तेव्हा लायब्ररीत परत हेलपाटा कोण मारणार. भरलेला खाना नको असेल तर स्टाईल स्वतःच लपवते, न भरलेला मात्र कुठलीच स्टाईल भरून देत नाही.

आपल्याकडं हे सगळं एकदम अंगावर आलं ते यूजीसीच्या 2018 च्या वाङ्मयचौर्याच्या नियमांनंतर. 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यावर पायऱ्या पायऱ्यांनी कारवाई. मग 2019 च्या शेवटी पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्सचा दोन क्रेडिटचा पेपर सक्तीचा झाला. पण पीएचडीला शिकायचं ते एमएच्या पहिल्या सेमिस्टरलाच का नाही, हा माझा प्रश्न आहे, कारण तेव्हा वीसेक पुस्तकंच असतात आणि खाने भरायला एक संध्याकाळ पुरते.

मराठी पुस्तकांचं मात्र थोडं हातानंच करावं लागतं. जुन्या पुस्तकांना आयएसबीएन नसतो, त्यामुळं जादूच्या कांडीच्या बटणात नंबर टाकून काही मिळत नाही. नाव देवनागरीत भरलं आणि स्टाईलची भाषा इंग्रजी असली तर संपादकाच्या नावापुढं `ed.` छापून येतं, आणि यादीत मराठी-कन्नड नावं इंग्रजीच्या खाली जाऊन बसतात. ते शेवटी, फाईलची कॉपी काढून तीत लिंक तोडून, हातानं दुरुस्त करावं. मूळ फाईलला हात लावू नका.

एक गोष्ट मात्र एन्ट्रीत राहतच नाही, ती म्हणजे पान नंबर. तो सायटेशन घालताना त्या त्या वेळी टाकायचा असतो, म्हणून वाचतानाच नोटमध्ये लिहून ठेवावा लागतो. स्कॅन केलेल्या गॅझेटियरमध्ये तर दुहेरी गोंधळ, पुढं कव्हर, नकाशा, अनुक्रमणिका असल्यानं पीडीएफचं पान आणि छापील पान जुळत नाही. 2022 पासून झोटेरोत पीडीएफ रीडर आहे, तिथं हायलाईट केलं की पान नंबर आपोआप पडतो, तो छापील पानाशी ताडून बघायचा, चुकीचा असेल तर त्या हायलाईटवर राईट क्लिक करून `Edit Page Number`, आणि तिथंच पुढच्या सगळ्या पानांनाही तोच फरक लावायचा पर्याय मिळतो.