बिल निघालं म्हणजे उत्पन्न झालं?

“वर्षाचं बिल जानेवारीत काढलं, पैसेही आले. मग सगळं उत्पन्न जानेवारीचंच ना?”

नाही, सेवा जसजशी दिली जाते तसतसं ते उत्पन्न होतं. जानेवारी ते डिसेंबरच्या देखभाल कराराचे 1,20,000 रुपये आणि 18 टक्के जीएसटीचे 21,600 असं बिल घ्या. जीएसटी पुढे ढकलता येत नाही, तो जानेवारीच्याच रिटर्नमध्ये भरायचा. 1,20,000 मात्र आधी ‘डिफर्ड रेव्हेन्यू’ या देणं दाखवणाऱ्या खात्यात जातात आणि ईआरपी हे हिशेबाचं सॉफ्टवेअर दरमहा 10,000 उत्पन्नात वळवतं. 31 मार्चला उत्पन्न 30,000, देणं 90,000. ग्राहकाने पैसे थकवले तरी हे वेळापत्रक बदलत नाही.

खरी गफलत मध्येच वाढवलेल्या सेवेत होते. 1 जुलैला वर्षाला 24,000 दराचं आणखी एक मशीन करारात आलं, तर डिसेंबरपर्यंतचे 12,000 लावायचे (दिवसांवर मोजलं तर 184/365, म्हणजे 12,099). शेवटची तारीख 31 डिसेंबर टाकायला विसरलात, की सिस्टीम ते बारा महिन्यांत वाटते आणि वर्षअखेर 6,000 अडकून राहतात. ओळखायची खूण सोपी: संपलेल्या कराराची डिफर्ड शिल्लक शून्य हवी.

नूतनीकरणाचं बिल डिसेंबरात निघालं तरी वाटप 1 जानेवारीपासूनच. बिलाची तारीख इथे बिनकामाची.