चेहरा काळोखात, आवाज जाडा: मुलाखतीतल्या बदललेल्या आवाजामागचा इतिहास

ओळख लपवलेल्या मुलाखतीत प्रकाशाकडे पाठ करून बसलेली आकृती दिसते आणि तिचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा जाड ऐकू येतो. हा जाडा आवाज टेपच्या काळाचा वारसा आहे. टेप हळू चालवली की आवाज खाली जातो, पण बोलणंही लांबतं. आवाज खाली न्यायचा आणि बोलण्याची गती मात्र तशीच ठेवायची, हे व्यवहारात सोपं झालं ते डिजिटल यंत्रांमुळे. इव्हेंटाइड कंपनीचा एच९१० हार्मोनायझर १९७५ साली बाजारात आला. मुळात संगीत ध्वनिमुद्रणासाठी केलेलं हे यंत्र बोलण्याची लांबी न बदलता पिच वर-खाली करू शकत होतं. बातमीसाठी आवाज जाडा करणं मग एका बटणाचं काम झालं.

या सोयीत एक दोष सुरुवातीपासून होता. तो समजायला आवाज कसा घडतो हे पाहावं लागतं.

स्वरतंतू कंप पावतात, तेव्हा मूळ सूर तयार होतो. या कंपनांचा वेग म्हणजे पिच. तो सूर घसा, तोंड आणि जीभ यांनी बनलेल्या नळीतून जाताना काही पट्ट्यांमध्ये ठळक होतो. त्या पट्ट्यांना फॉर्मंट म्हणतात. हे नाव १८९०च्या दशकात जर्मन शरीरशास्त्रज्ञ लुडिमार हेर्मान यांनी रूढ केलं. नळी जितकी लांब, तितके फॉर्मंट खाली. म्हणून दोन माणसं एकाच पिचवर बोलली, तरी त्यांचे आवाज वेगळे वाटतात. बेल लॅब्जमधल्या होमर डडली यांनी सूर आणि नळी यांचा हा संबंध १९३०च्या दशकात यंत्रात उतरवला. त्यांच्या व्होकोडरचा उद्देश टेलिफोनच्या तारेत कमी जागेत बोलणं मावावं एवढाच होता, पण आवाज दोन भागांत तोडून परत जोडता येतो हे त्यातून सिद्ध झालं. त्याच प्रयोगशाळेतल्या पीटरसन आणि बार्नी यांनी १९५२ साली पुरुष, स्त्रिया आणि मुलांच्या स्वरांचे फॉर्मंट मोजून प्रसिद्ध केले. ते आकडे अजून वापरले जातात, इथेही वापरतो.

समजा, मुलाखत देणाऱ्या बाईंची पिच सरासरी २१० हर्ट्झ आहे. संपादक ती पाच सेमीटोन, म्हणजे पाच अर्धस्वर खाली नेतो, त्यासाठी सगळ्याला ०.७४९ने गुणतो. पिच १५७ होते. अडचण अशी की साधं पिच-शिफ्ट फॉर्मंटनाही त्याच आकड्याने गुणतं. इंग्रजीतल्या ‘ई’ स्वरासाठी स्त्रियांचे पहिले दोन फॉर्मंट सरासरी ३१० आणि २७९० असतात. ते २३२ आणि २०९० वर येतात. पुरुषांचे आकडे २७० आणि २२९० आहेत, म्हणजे आपण पुरुषाच्याही खाली गेलो. बाईंची साडेचौदा सेंटिमीटरची नळी एकोणीस सेंटिमीटरच्या वर गेल्यासारखी ऐकू येते. पुरुषाची नळी साधारण सतरा सेंटिमीटरची असते. पिच मध्यम आणि डोकं मात्र राक्षसाचं, असा हा विसंगत आवाज असतो. ऐकणाऱ्याला ‘हा बदललेला आहे’ हे लगेच कळतं, आणि खरा दोष त्यामागे लपलेला असतो.

तो असा की सगळ्याला एकाच आकड्याने गुणलं असेल, तर त्याच आकड्याने भागून मूळ आवाजाच्या अगदी जवळ जाता येतं. आकडा शोधायला तज्ज्ञ लागत नाही. साध्या ध्वनी-संपादकात अर्ध्या-अर्ध्या सेमीटोनने वर जात राहायचं आणि आवाज माणसासारखा झाला की थांबायचं. कधी त्याचीही गरज पडत नाही. ज्या देशांत वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे, तिथल्या ध्वनिमुद्रणात बऱ्याचदा बारीक गुणगुण शिरलेली असते. पूर्ण ट्रॅक खाली नेला की ती ३७.५च्या आसपास दिसते, आणि आकडा आयता मिळतो. खालचे ८० हर्ट्झ कापले तरी तिचे वरचे पट उरतात. याहून घातक म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज. तो मुलाखत देणाऱ्याच्या माइकमध्ये झिरपलेला असतो आणि तोही सोबत बदलतो. त्याचा खरा आवाज सगळ्यांना माहीत असतो. दोन्ही जुळवले की उलट गणित पूर्ण.

सूर आणि नळी वेगवेगळे हलवणं सोपं झालं ते १९९०च्या आसपास. फ्रान्समधल्या मूलीन आणि शार्पाँतिए यांनी बोलण्याचे पिचच्या आवर्तनांना धरून तुकडे करून ते हवे तसे जवळ-दूर मांडण्याची पीसोला पद्धत प्रसिद्ध केली. अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठात तयार झालेल्या `Praat` या मोफत प्रोग्रॅममधली `Change gender...` ही आज्ञा याच पद्धतीवर उभी आहे. आधी पूर्ण आवाज ताणून फॉर्मंट सरकवायचे, मग पिच आणि लांबी परत हवी तशी करायची. वरच्याच बाईंसाठी पिचला ०.६२ आणि फॉर्मंटना ०.८५ दिलं, तर पिच १३० होते आणि ‘ई’चे फॉर्मंट २६४ आणि २३७२ होतात. हा कोणत्याही पुरुषाचा आवाज वाटू शकतो, राक्षसाचा नाही. ऐकणाऱ्याचा संशय कमी होतो, हा फायदा मोठा आहे. पण आकडे दोन झाले म्हणून कुलूप पक्कं झालं असं नाही. दोन आकडे शोधणंही संगणकाला कठीण नाही.

म्हणूनच अलीकडचं संशोधन एकाच पटीत सरकवण्यापासून दूर गेलं. आवाजाची ओळख लपवण्याच्या पद्धती पडताळणाऱ्या, २०२० साली सुरू झालेल्या व्हॉइसप्रायव्हसी चॅलेंज या संशोधन-स्पर्धेमध्ये तुलनेसाठी दिलेली एक साधी पद्धत फॉर्मंटना असमान सरकवते. तिच्या मानक मांडणीत साधारण अडीच हजार हर्ट्झच्या खालचे फॉर्मंट वर जातात आणि त्यावरचे खाली येतात. एकाच आकड्याने भागून हे उलटवता येत नाही. तरीही तिथे दिसलेली गोष्ट गंभीर आहे: हल्लेखोराला पद्धत माहीत असेल आणि त्याने तशाच बदललेल्या आवाजांवर आपली ओळख-प्रणाली तयार केली असेल, तर संरक्षण बरंच घटतं. पद्धत गुप्त राहील या भरवशावर साक्षीदाराला बसवणं मला मान्य नाही.

शिवाय पिच आणि फॉर्मंट बदलल्याने बोलण्याची ढब बदलत नाही. शब्दांच्या मधले थांबे, ‘स’ उच्चारण्याची खोड, एखादं पालुपद, हसण्याची तऱ्हा, गावाकडचा हेल हे सगळं तसंच राहतं. शेजारी किंवा जुना साहेब बहुतेकदा याच खुणांवरून ओळखतो. धोका जिवावरचा असेल तिथे एकच गोष्ट भरवशाची वाटते: उत्तरं लिहून घेऊन दुसऱ्याच्या आवाजात म्हणवून घेणं. ब्रिटनमध्ये १९८८ ते १९९४ या काळात शिन फेन या आयरिश राष्ट्रवादी पक्षासारख्या संघटनांच्या प्रतिनिधींचा आवाज प्रसारित करायला बंदी होती. तेव्हा वाहिन्यांनी नटांकडून त्यांची वाक्यं म्हणवून घेतली. हेतू लपवण्याचा नव्हता, पण युक्ती चोख होती, कारण मूळ आवाजाचा एक कणही प्रसारणात गेला नाही. नटाने मात्र मूळ लकबीची नक्कल करायची नाही आणि थांबेही आपलेच घ्यायचे, नाहीतर ढब मागच्या दाराने परत येते.

बदललेलाच आवाज वापरायचा असेल, तर दोघांचे माइक वेगळ्या ट्रॅकवर आणि शक्य तितके दूर ठेवावेत. फॉर्मंट आणि पिच प्रत्येक मुलाखतीसाठी वेगळे निवडावेत आणि तो आकडा प्रोजेक्ट फाइलमध्ये ठेवून ती फाइल कुणाला पाठवू नये. तयार व्हिडिओत मूळ ध्वनीचा दुसरा ट्रॅक शिल्लक नाही ना, हे निर्यात केलेली फाइल नव्याने उघडून तपासावं. शेवटी बदललेला आवाज, मुलाखत देणाऱ्याला वर्षानुवर्षं ओळखणाऱ्या एखाद्या विश्वासू माणसाला, मुलाखत कुणाची हे न सांगता, ऐकवावा. त्याने नाव घेतलं, तर ती क्लिप बाजूला ठेवावी.