हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम (लहान मुलांमधील)

रक्ताचे जुलाब झालेल्या मुलाला साधारण आठवडाभरात होणारा हा मूत्रपिंडाचा गंभीर आजार आहे. डॉक्टर त्याला थोडक्यात 'एचयूएस' म्हणतात. त्यात तीन गोष्टी एकत्र दिसतात: तांबड्या पेशी फुटून रक्त कमी होते, प्लेटलेट घसरतात आणि लघवी कमी होते किंवा बंद पडते. आजार मुख्यतः पाच वर्षांखालील मुलांचा. स्विस बालरोगतज्ज्ञ कॉनराड गासर यांनी १९५५ मध्ये त्याचे पहिले वर्णन केले. त्याचा जुलाबाच्या जंतूंशी असलेला संबंध मात्र १९८३ मध्ये टोरांटोच्या मोहम्मद करमाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिला.

कारण असते शिगा नावाचे विष. ते ई. कोलायच्या काही जाती तयार करतात, त्यांतली ओ१५७:एच७ सर्वांत कुप्रसिद्ध. हे जंतू गुरांच्या आतड्यात राहतात आणि अर्धवट शिजलेले मांस, न तापवलेले दूध, दूषित पाणी किंवा कच्च्या भाज्यांतून पोटात जातात. भारतात पूर्वी हा आजार प्रामुख्याने 'शिगेला डिसेंटेरिए टाइप १' या आव पाडणाऱ्या जंतूमुळे होत असे. आतड्यातून रक्तात शिरलेले विष मूत्रपिंडातल्या केशवाहिन्यांच्या अस्तरावर चिकटते. त्या पेशींमध्ये शिरून ते प्रथिने बनवण्याचे काम थांबवते. अस्तर सुजते, सोलवटते आणि तिथे बारीक गुठळ्या जमतात. प्लेटलेट या गुठळ्यांतच खर्ची पडतात. अरुंद झालेल्या वाटेतून घुसताना तांबड्या पेशी फाटतात. रक्ताच्या काचपट्टीवर दिसणारे शिरस्त्राणासारखे, त्रिकोणी तुकडे म्हणजे याच फाटलेल्या पेशी. अशा काचपट्टीने निदानाचा अर्धा रस्ता पार होतो.

या आजाराचा फसवा भाग म्हणजे त्याची वेळ. नमुन्यादाखल चार वर्षांचे, १६ किलो वजनाचे मूल घेऊ. पहिल्या दिवशी पाण्यासारखे जुलाब आणि पोटात कळा, तिसऱ्या दिवशी शी लाल. ताप फारसा नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी जुलाब आटोक्यात येतात आणि घरचे सुटकेचा श्वास टाकतात. सातव्या दिवशी मूल पांढरेफटक दिसते, मरगळून पडते, सकाळी पापण्या सुजलेल्या असतात आणि कालपासून लघवी जवळजवळ झालेलीच नाही हे तेव्हा आईच्या लक्षात येते. लंगोटात जुलाब आणि लघवी एकत्र होत असल्याने तान्ह्या मुलांत हे आणखी उशिरा कळते. तपासणीत हिमोग्लोबिन ७.८, प्लेटलेट ५२,०००, आणि मूत्रपिंडाचे काम कळवणारे क्रिएटिनिन २.४. तांबड्या पेशी प्रतिपिंडांमुळे फुटत आहेत का हे पाहणारी थेट कूम्ब्स चाचणी निगेटिव्ह, आणि रक्त गोठण्याची वेळ जवळजवळ नेहमीसारखी. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनला की, गोठण्याची यंत्रणा कोलमडते, त्यापासून हा आजार इथे वेगळा ओळखता येतो.

सर्वांत आधी घसरतात त्या प्लेटलेट. म्हणून रक्ताच्या जुलाबाच्या मुलाची रक्ततपासणी एकदा करून थांबणे पुरत नाही, ती रोज किंवा दिवसाआड करावी लागते. क्रिएटिनिनचा आकडा वाचताना एक चूक वारंवार होते. लॅबच्या कागदावर बहुधा मोठ्या माणसाची मर्यादा छापलेली असते, ०.६ ते १.२ अशी. चार वर्षांच्या मुलाचे क्रिएटिनिन ०.३ ते ०.५ च्या आसपास असायला हवे. म्हणजे ०.९ हा 'नॉर्मल' छापलेला आकडा प्रत्यक्षात दुप्पट झालेला असतो.

विष उतरवणारे सिद्ध झालेले औषध नाही. उपचार म्हणजे मूत्रपिंड सावरेपर्यंत मुलाला सांभाळणे, आणि त्यात खरी कसोटी लागते ती पाण्याच्या हिशेबाची. जुलाब चालू असताना, म्हणजे लघवी बंद पडण्यापूर्वी, शिरेतून पुरेसे नॉर्मल सलाईन दिलेल्या मुलांत मूत्रपिंड कमी बिघडते आणि डायलिसिसची गरज कमी पडते, असे दिसून आले आहे. पण तेच मूल सातव्या दिवशी दाखल झाले आणि 'लघवी नाही, म्हणजे पाणी कमी पडले' असे समजून सलाईनवर सलाईन लावले, तर फुफ्फुसात पाणी भरते. सुजलेल्या पापण्या, वाढलेले वजन, चढलेला रक्तदाब आणि धाप यांवरून हे ओळखता येते.

आपल्या नमुन्यातल्या मुलाचा हिशेब असा. एरवी त्याला दिवसाला १३०० मिली पाणी लागते. आता त्वचा आणि श्वासावाटे जाणारे सुमारे २७० मिली (शरीराच्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरला ४०० या मापाने), कालची लघवी ६० मिली आणि जुलाबातून गेलेले ५० मिली, एवढेच द्यायचे: ३८० मिली. यात औषधांबरोबर शिरेतून जाणारे पाणीही धरायचे. सकाळ-संध्याकाळ त्याच काट्यावर वजन घेतले की हिशेब चुकतो आहे का ते समजते. भेटायला येणारे प्रेमाने शहाळे आणि मोसंबीचा रस आणतात. दोन्हींत पोटॅशियम भरपूर असते आणि लघवी बंद असलेल्या मुलात ते हृदयाचे ठोके बिघडवू शकते. ओआरएसमध्येही पोटॅशियम असते, तेव्हा या टप्प्यावर तेही डॉक्टरांना विचारूनच.

हिमोग्लोबिन ६-७ च्या खाली गेले की रक्त द्यावे लागते, किलोला १० मिलीपर्यंत, म्हणजे इथे १६० मिली, तीन-चार तासांत सावकाश. प्लेटलेट मात्र आकडा घाबरवणारा असला तरी रक्तस्राव होत नसेल किंवा शस्त्रक्रिया नसेल तर टाळतात, कारण त्या गुठळ्यांतच भर घालण्याची भीती असते. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिनसारखे औषध चालते. जुलाब थांबवणारी लोपेरामाइडसारखी औषधे आणि आयबुप्रोफेन देऊ नयेत. ॲन्टिबायोटिकचा प्रश्न जंतूवर अवलंबून: ई. कोलाय ओ१५७ मध्ये त्याने एचयूएसचा धोका वाढू शकतो म्हणून टाळतात, शिगेलाच्या आवेत मात्र ते द्यावेच लागते.

सुमारे निम्म्या मुलांना डायलिसिस लागते. लघवी पूर्ण बंद, औषधांनी न उतरणारे पोटॅशियम, पाणी भरल्याने धाप, रक्तातली वाढती आम्लता ही त्याची कारणे. लहान मुलांत पोटाचे डायलिसिस सोयीचे. पोटात नळी घालून सुरुवातीला किलोला १०-२० मिली द्रव भरायचा आणि काही वेळाने काढून घ्यायचा. झटके येणे किंवा शुद्ध हरपणे म्हणजे आजार मेंदूपर्यंत पोहोचला. सावरण्याची पहिली खूण लघवीत नव्हे, प्लेटलेटमध्ये दिसते. त्या वाढू लागल्या की काही दिवसांत लघवी सुरू होते.

जुलाबाशिवाय एचयूएस झाला, किंवा तो पुन्हा उलटला, तर कारण वेगळे असते. भारतीय मुलांत रक्तातल्या 'फॅक्टर एच' या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे आढळण्याचे प्रमाण लक्षणीय आहे, आणि तिथे प्लाझ्मा बदलणे व रोगप्रतिकार दाबणारी औषधे लवकर सुरू करावी लागतात. वर सांगितलेल्या सांभाळण्याच्या उपचारांवर तिथे विसंबता येत नाही.

नेहमीच्या, जुलाबानंतरच्या प्रकारात चांगली सोय असेल तर मृत्यू पाच टक्क्यांहून कमी. मात्र सुमारे तीसेक टक्के मुलांत पुढे लघवीतून प्रथिने जाणे, वाढलेला रक्तदाब किंवा मूत्रपिंडाची घटलेली क्षमता राहते, विशेषतः लघवी दहा दिवसांहून जास्त बंद होती त्यांच्यात. म्हणून खेळायला लागलेल्या मुलाचाही रक्तदाब आणि लघवीतली प्रथिने वर्षातून एकदा, निदान पाच वर्षे तपासतात.