चाकाला वजन नेमकं कुठे लावायचं?

गाडी ऐंशीपर्यंत शांत चालते, नव्वदच्या आसपास स्टेअरिंग थरथरायला लागतं आणि एकशे दहाच्या पुढे थरथर बरीचशी विरून जाते. हे वर्णन ऐकलं की अनुभवी टायरवाला आधी बॅलन्सिंग बघतो, आणि बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. टायरसकट सोळा-सतरा किलो भरणाऱ्या चाकात तीसेक ग्रॅमचा फरक त्याला पुरतो.

तीस ग्रॅमने एवढं काय होतं, हे आकड्यांनीच पाहू. १८५/६५ आर १५ मापाचं चाक घ्या. आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्यांना हे माप असतं. ते एका फेरीत जवळजवळ दोन मीटर पुढे जातं, म्हणजे ताशी १०० किलोमीटरला सेकंदाला १४ फेऱ्या. रिमच्या कडेला, मध्यापासून १९ सेंटिमीटरवर ३० ग्रॅम जास्त असतील, तर ते गोलात फिरवत ठेवण्यासाठी आसाला त्यांना सतत आत खेचावं लागतं आणि तेवढ्याच जोराने ते आसाला बाहेर ओढतात. गोफण फिरवताना हाताला बसते तीच ही ओढ. सूत्र सोपं आहे: वस्तुमान, मध्यापासूनचं अंतर आणि फिरण्याच्या कोनीय वेगाचा वर्ग यांचा गुणाकार. उत्तर येतं सुमारे ४५ न्यूटन, म्हणजे साडेचार किलोचं ओझं टांगल्याइतकी ओढ. तीही स्थिर नाही. एका सेकंदात चौदा वेळा ती वर, पुढे, खाली, मागे अशी फिरते. वेगाचा वर्ग असल्यामुळे ताशी ५० ला हीच ओढ एक चतुर्थांश होते, म्हणून गावात गाडी चालवताना काही जाणवत नाही.

मग एकशे दहानंतर थरथर कमी का होते? ओढ तर वाढतच असते. चाक, हब आणि ब्रेक हा सगळा भार खालून टायरमधली हवा आणि वरून सस्पेन्शनची स्प्रिंग यांच्या मध्ये असतो, आणि अशा भाराची हेलकावण्याची स्वतःची एक लय असते. मोटारीत ती साधारण सेकंदाला दहा ते पंधरा हेलकाव्यांची असते. आपलं चाक ताशी ८० ला सेकंदाला अकरा फेऱ्या घेतं, १०० ला चौदा. धक्के नेमके त्या लयीत बसतात आणि हेलकावा फुगत जातो. वेग आणखी वाढला की लय चुकते. थरथर थांबल्यासारखी वाटते, पण बेअरिंगवरची ओढ वाढलेलीच असते.

इथवर उपाय सरळ दिसतो: जड जागेच्या बरोबर समोर तेवढंच वजन लावा. चाक आडव्या दांड्यावर मोकळं सोडलं तर जड बाजू खाली येते, समोर वजन लावल्यावर ते कुठेही थांबतं. याला स्थिर संतुलन म्हणतात. अडचण अशी की चाक म्हणजे पातळ चकती नव्हे, त्याला रुंदी असते.

समजा, जादा ३० ग्रॅम रिमच्या बाहेरच्या कडेला आहेत आणि आपण समोरचं वजन आतल्या कडेला लावलं. मोकळं सोडल्यावर चाक कुठेही थांबेल, स्थिर संतुलन चोख. आता ते फिरवा. बाहेरच्या कडेला ४५ न्यूटनची ओढ पुढे, आतल्या कडेला तितकीच मागे, आणि दोन्हींमध्ये रिमच्या रुंदीचं, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटरचं अंतर. बेरीज शून्य असली तरी ही जोडी चाकाला पिळते. अर्ध्या फेरीनंतर पीळ उलटा होतो. पुढचं चाक तर वळण्यासाठीच बसवलेलं असतं, त्यामुळे हा पीळ टाय रॉडमधून थेट स्टेअरिंगपर्यंत पोचतो. ओढ आणि पीळ दोन्ही मारायचे तर वजनं दोन जागी लावावी लागतात. गतिमान संतुलन म्हणतात ते हेच.

बॅलन्सिंगच्या मशीनला हा पीळ दिसतो, कारण तिच्या शाफ्टवर बल मोजणारे सेन्सर दोन ठिकाणी असतात. चाक कोणत्या कोनात असताना किती ओढ लागली, हे दोन्हीकडून टिपलं की आत किती आणि बाहेर किती, हे गणिताने निघतं. त्यासाठी कारागीर आधी रिमचा व्यास, रुंदी आणि मशीनपासूनचं अंतर भरतो. रुंदी चुकीची भरली तर वाटणीच चुकते. मशीन चाक रस्त्याइतकं जोरात फिरवत नाही. मिनिटाला शंभर-दोनशे फेऱ्या पुरतात, कारण कोणत्याही वेगाला जादा वजन तेच आणि त्याच जागी असतं.

खरी गंमत अलॉय रिमवर होते. ‘बाहेरून वजन नको, दिसतं’ असा गिऱ्हाइकाचा आग्रह असतो, म्हणून चिकटपट्टीची वजनं रिमच्या आतल्या कडेला आणि स्पोकच्या मागे लावतात. आता दोन जागांमधलं अंतर १५ ऐवजी, समजा, ९ सेंटिमीटर उरलं. वरचे ३० ग्रॅम बाहेरच्या कडेला होते. पीळ मारायला स्पोकमागे समोरच्या बाजूला ५० ग्रॅम लागतील, कारण ३० गुणिले १५ म्हणजेच ५० गुणिले ९. पण आता समोर वीस ग्रॅम जास्त झाले! ते भरून काढायला आतल्या कडेला आणखी २० ग्रॅम, आणि तेही जड बाजूलाच. जिथे तीसात भागलं असतं तिथे सत्तर गेले. आतली वजनं स्पोकमागे एका कोनात आणि कडेला भलत्याच कोनात दिसली, तर कारागिराने घोळ घातलेला नसतो. उलट जो कंटाळून सगळी एकाच पट्टीत चिकटवतो, त्याने ओढ मारली आणि पीळ तसाच सोडला.

मशीनवरच्या शून्याचा अर्थही समजून घ्यावा. वजनं सहसा पाच-पाच ग्रॅमच्या टप्प्यांत मिळतात आणि त्याहून कमी फरक मशीन शून्यच दाखवते. तेवढा चालतो. जास्त चूक होते ती चाक शाफ्टवर तिरकं बसल्यामुळे. चाक शाफ्टवर मध्यभागी धरणाऱ्या शंकूच्या आकाराच्या तुकड्यावर धूळ असली तरी असं होतं. शून्य आल्यावर नट सैल करून चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा कसायला सांगा. आता आकडा बदलला तर चाक शाफ्टवर नीट बसलेलं नव्हतं. जुनी वजनं न काढता नवी चिकटवणं आणि रिममधला वाळलेला चिखल न धुणं हेही नेहमीचंच. पावसाळ्यात कच्च्या रस्त्यावर गेल्यानंतर अचानक थरथर सुरू झाली, तर आधी रिमच्या आतून पाण्याचा फवारा मारून बघावा. पंक्चरसाठी टायर रिमवरून उतरवला असेल तर बॅलन्सिंग पुन्हा करावं लागतं, कारण तो पूर्वीच्याच जागी बसत नाही.

तीस-चाळीसच्या वेगालाच गाडी डगमगत असेल तर मात्र वजनांचा उपयोग नाही. तिथे टायरला फुगवटा आलेला असतो किंवा रिम वाकलेली असते. मशीनवर चाक फिरताना ट्रेड वरखाली होताना नुसत्या डोळ्यांनीही दिसतं. फक्त ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग हललं तर डिस्क तपासायची. आणि गाडी एका बाजूला ओढत असेल तर ते काम अलाइनमेंटचं. पुष्कळ ठिकाणी बिलावर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट एकत्र येतात, म्हणून त्यांची गल्लत होते.